आमची वाटचाल : शपथेचा मजकूर जसाच्या तसा

शिवाजीनगर कोर्टाजवळ वडिलांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, करारनामे, अफिडेव्हिट असं सगळं तिथे टाइप व्हायचं. मी हाताखाली बसून ते शिकलो. पुढे परदेशी निघालेल्या मुलांचे आईवडील मराठी कागद इंग्रजीत करून मागू लागले आणि टायपिंगच्या जोडीला भाषांतर आलं. आता सदाशिव पेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. टायपिंग बंद झालं, पण अफिडेव्हिटशी असलेली ओळख तिथलीच, आणि आमच्या धंद्याचा पाया आजही तोच आहे.

अफिडेव्हिटवर शपथ होते ती मूळ मजकुरावर, नोटरीसमोर. भाषांतरावर लिहून देणाऱ्याची शपथ नसते. त्याने काय शपथेवर सांगितलं, कुणासमोर आणि कसं, एवढंच भाषांतराने दाखवायचं. म्हणून मजकूर सुधारायचा नाही, नीटनेटकाही करायचा नाही, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

एक काम सांगतो. मुळशीकडच्या एका आजींचं अफिडेव्हिट होतं. शाळेच्या दाखल्यावर मुलाच्या आईचं नाव ‘यमुना’, आधारवर ‘यमुनाबाई’. दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं त्यांनी लिहून दिलं होतं. नातवाच्या व्हिसासाठी इंग्रजी प्रत हवी होती. दुसरीकडून करून घेतलेलं भाषांतर मुलगा घेऊन आला होता. इंग्रजी सफाईदार होतं, पण शेवटचा भाग पार बदलला होता.

मुळात आजींनी म्हटलं होतं की परिच्छेद १ ते ३ त्यांच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे आहेत आणि परिच्छेद ४ मुलाने सांगितल्यावरून त्या खरा समजतात. भाषांतरात ‘वरील सर्व मजकूर खरा आहे’ एवढंच उरलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १९, नियम ३ स्वतःला माहीत असलेलं आणि नुसतं खरं वाटणारं यांत फरक करतो. कागद कोर्टात जावो वा न जावो, आजींनी ऐकून सांगितलेली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या माहितीची म्हणून इंग्रजीत येता कामा नये. दुसरी गोष्ट, आजींनी डाव्या हाताचा अंगठा उठवला होता आणि शेजारी ‘मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला, तो त्यांना समजला’ अशी नोंद होती. भाषांतरात त्या जागी नुसती ‘सही’ होती आणि नोंद गायब.

आम्ही पुन्हा केलं. पानाला पान, परिच्छेदाला तेच क्रमांक. जे अक्षर नाही पण कागदावर आहे, ते चौकटी कंसात: डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा, ओळख पटवणाऱ्या वकिलांची सही, नोटरीचं तिकीट, गोल शिक्का. १९५६ च्या नोटरी नियमांप्रमाणे शिक्का साधा गोल, ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि त्यावर नोटरीचं नाव, क्षेत्र आणि नेमणूक करणारं सरकार असतं. ते शब्द वाचून उतरवायचे. शिक्क्याचं चित्र स्वतः काढून बसवायचं नाही, कारण मग भाषांतरच नोटरी केलेलं भासतं. रजिस्टरच्या अनुक्रमांकाचा एक आकडा शाईत बुडाला होता. तिथे आम्ही ‘अस्पष्ट’ लिहिलं. अंदाज बांधला नाही.

अफिडेव्हिट जुलै २०२४ च्या आधीचं, त्यामुळे खोट्या कथनाबद्दल भारतीय दंड संहितेची कलमं १९९ आणि २०० होती. आता त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची २३६ आणि २३७ आहेत, पण शपथेच्या वेळी जे लिहिलं तेच राहिलं.

मग मुलाच्या लक्षात आलं की परिच्छेद २ मध्ये त्याचं जन्मसाल १९६८ पडलंय, दाखल्यावर १९६९ आहे. “दादा, इंग्रजीत तेवढं ६९ करा ना.” मी नाही म्हणालो. आजींची शपथ १९६८ वर झाली होती आणि नोटरीच्या रजिस्टरात नोंदही झाली होती. मूळ कागदावर आता पेनाने बदल करूनही भागलं नसतं. त्यांनी बरोबर साल घालून नवं अफिडेव्हिट केलं, आजींना पुन्हा नोटरीसमोर नेलं, आणि आम्ही त्या कागदाचं भाषांतर दिलं. आजींना पुन्हा गाडीत घालून आणायला लावलं याचं वाईट वाटलं, पण दुसरा मार्ग नव्हता.

भाषांतरकाराचं प्रमाणपत्र आम्ही वेगळ्या पानावर, स्वतःच्या सहीने देतो. आमच्या त्या सहीपुढे नोटरी हवी असेल तर तीही करून देतो, पण तो नोटरी आमच्या सहीची साक्ष देतो, आजींच्या कथनाची नाही, हे ग्राहकाला आधी सांगतो. आणि फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला मुद्रांकाची मागची बाजूही मागतो. पुष्कळ कागदांवर विक्रेत्याची नोंद, घेणाऱ्याचं नाव आणि कारण तिथे असतं, आणि तेही भाषांतरात यायला हवं.