तुम्ही विचारलंत म्हणून : इंजेक्शननंतरचं

"एवढं 16 कोटींचं इंजेक्शन दिलंत ना, मग ती अजून चालत का नाही?"

ती म्हणजे माझी लेक. तिला एसएमए आहे, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, स्नायू दुबळे करत जाणारा जन्मजात आजार. ती चालत नाही कारण इंजेक्शन मिळेपर्यंत तिला चालवणाऱ्या बऱ्याचशा पेशी मरून गेल्या होत्या, आणि मेलेली पेशी ते इंजेक्शन परत आणत नाही. उत्तर एवढंच आहे, पण लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, शाळेच्या गेटवर उभ्या उभ्या हे सांगायला लागलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी पैशांचं, कारण प्रश्नात ते असतंच. आम्ही वर्गणी काढली नाही, कुणाचे 16 कोटी आमच्यावर खर्च झालेले नाहीत. नोव्हार्टिस कंपनीने 2020 मध्ये एक कार्यक्रम सुरू केला होता, ज्या देशात झोल्गेन्स्माला, म्हणजे याच इंजेक्शनला, मंजुरी नाही तिथल्या दोन वर्षांखालच्या मुलांसाठी वर्षाला 100 पर्यंत डोस फुकट, आणि कुणाला मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून. त्यात लेकीचा नंबर लागला. आमच्याबरोबर ज्यांनी फॉर्म भरले होते त्यातल्या सगळ्यांचा लागला नाही. याबद्दल मी कधी मोठ्याने आनंद केला नाही आणि करणारही नाही.

आता पेशींचं. आपल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मोटर न्यूरॉन असतात, मेंदूचा हुकूम ते स्नायूपर्यंत पोचवतात. त्यांना जगायला एसएमएन नावाचं प्रोटीन लागतं आणि ते एसएमएन 1 या जीनवरून बनतं. माझ्याकडे या जीनची एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत, ह्यांच्याकडेही तसंच, आम्हा दोघांना काहीच त्रास नाही, पण दोघांच्याही बिघडलेल्या प्रती लेकीकडे गेल्या. प्रत्येक गरोदरपणात याची शक्यता चारात एक. (आमचं नात्यातलं लग्न नाही, हाही प्रश्न नेहमी येतो. साधारण 50 माणसांत एखादा असा वाहक असतो, मग नात्याबाहेर दोन वाहक एकत्र येणं काही अशक्य नाही.) एसएमएन 2 म्हणून दुसरा एक जवळपास तसाच जीन बहुतेक सगळ्यांकडे असतो, पण त्यात एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे प्रोटीन बनताना त्यातला सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळला जातो आणि नीट प्रोटीन जेमतेम दहा टक्के निघतं. लेकीचं आयुष्य त्या दहा टक्क्यांवर सुरू होतं. तिच्याकडे एसएमएन 2 च्या दोन प्रती आहेत, आणि दोन प्रती म्हणजे बहुतेक वेळा या आजाराचा टाइप 1, अगदी लवकर सुरू होणारा.

आणि तो खूप भराभर जातो, हे कुणी लक्षातच घेत नाही. टाइप 1 मध्ये बहुतेक नुकसान पहिल्या काही महिन्यांत होतं, म्हणजे घरचे अजून "मुली जरा उशिरा मान धरतात" म्हणत असतात तेव्हाच.

लेक 2020 च्या एप्रिलमधली, लॉकडाऊनमधलं बाळ. तीन महिन्यांची असताना मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं की ही लाथा मारत नाही, त्यांनी सांगितलं वाट बघा, टॉनिक देऊन बघा. पाच महिन्यांची झाल्यावर एका मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडे नेलं. त्यांनी तिला टेबलावर आडवं ठेवलं, पाय बेडकासारखे बाहेर पसरलेले. त्यांनी बराच वेळ हात लावला नाही, नुसतं बघत होत्या. श्वास घेताना पोट वर येत होतं आणि छाती आत जात होती, मी ते रोज बघत होते पण त्याला काही अर्थ असेल असं माहीतच नव्हतं. फासळ्यांमधले स्नायू आधी दुबळे होतात, पोटाच्या वरचा पडदा मागे टिकतो, म्हणून तसं दिसतं. गुडघ्यावर हातोडी मारली, काही नाही. मग ती रडायची थांबेपर्यंत थांबल्या आणि टॉर्चने तोंडात बघितलं. जीभ शांत पडलेली असताना तिच्या कडा बारीक बारीक थरथरत होत्या, इकडे थांबलं की तिकडे. "आई, हे बघा," म्हणाल्या. आणि हे सगळं चालू असताना लेक त्यांच्या कानातल्याकडे बघून हसत होती, कारण या आजारात चेहरा आणि बुद्धी तशीच राहते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसएमएन 1 च्या प्रती शून्य आल्या.

तिथून इंजेक्शनपर्यंत सहा महिने गेले. फॉर्म, कागद, मग इंजेक्शनमधला जीन ज्या व्हायरसमध्ये भरून देतात त्या एएव्ही 9 विरुद्ध तिच्या रक्तात अँटीबॉडी आहेत का ते बघायला सॅम्पल परदेशात (त्या जास्त असतील तर इंजेक्शन देताच येत नाही), मग निवडीची वाट. त्या सहा महिन्यांत काय झालं ते सांगितलं की पुढचं कळेल.

दिवाळीत लेक कुशीवर झोपवली की खुळखुळा तोंडापर्यंत न्यायची. हळू न्यायची, मध्ये थांबायची, पण न्यायची, माझ्या फोनमध्ये व्हिडिओ आहे. डिसेंबरात दूध पिताना ठसका लागायला लागला, दूध फुप्फुसात जातंय म्हणून नाकातून नळी घातली. मग संक्रांत आली आणि सासूबाई म्हणाल्या पहिलं बोरन्हाण आहे, करायचंच. मीही हो म्हटलं, मलाही करायचं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट नळीच्या चिकटपट्टीला लागत होता म्हणून तिरका बसवला. मी तिला मांडीवर मान धरून बसले आणि शेजारच्या बायकांनी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या, बिल्डिंगमधली पोरं सतरंजीवर तुटून पडली. एक बोर तिच्या उघड्या तळहातात येऊन पडलं. तिने ते बघितलं. दोन महिन्यांपूर्वी हाच हात तोंडापर्यंत जात होता. आता तिची बोटं हलली, बोराभोवती अर्धवट मिटली, मनगट उचललं गेलं नाही. तिने पुन्हा केलं. मग माझ्याकडे बघितलं, मग परत बोराकडे. एका पोराने ते उचलून नेलं, त्या बिचाऱ्याला काय कळणार, आणि ती रडली, पण तिच्या रडण्याचा आवाज तोपर्यंत इतका बारीक झाला होता की त्या गोंगाटात फक्त मला कळलं. सासूबाई आत जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या त्या सगळ्या बायका जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

औषध जगात तयार होतं, 2019 च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालेलं, आणि संक्रांतीला लेकीचे हात निकामी होत चालले होते.

मार्चमध्ये मिळालं. आदल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, किलोमागे 1 मिलिग्रॅम, आणि मग हाताच्या शिरेतून तासभर पंपाने. रोग करू न शकणाऱ्या त्या रिकाम्या व्हायरसमध्ये एसएमएन 1 ची चांगली प्रत भरलेली असते. ती पेशीच्या केंद्रकात जाऊन क्रोमोसोममध्ये न घुसता वेगळी राहते आणि तिथून प्रोटीन बनायला लागतं. मोटर न्यूरॉन विभागत नाहीत, म्हणून ती प्रत टिकते. पण मुळात न्यूरॉन जिवंत हवा. तो व्हायरस लिव्हरमध्येही जातो, आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात लिव्हरचे आकडे चढले आणि महिन्याभरात कमी करायचं स्टिरॉइड आणखी कितीतरी आठवडे चालू ठेवावं लागलं, दर आठवड्याला रक्त. आणि हे एकदाच देता येतं, नंतर शरीरात इतक्या अँटीबॉडी होतात की दुसरा डोस चालत नाही.

त्या दिवशी पंप सुरू असताना मी ह्यांना म्हणाले होते की वर्षभरात चालेल बघा. मॅडमनी असं काही सांगितलं नव्हतं, "जे आहे ते वाचवू" एवढंच म्हणाल्या होत्या. ती पंपाजवळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, एवढं मिळालं आणि तू कटकट करतेस, उपचार न मिळालेली टाइप 1 ची बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत जातात किंवा कायमची व्हेंटिलेटरवर असतात, आणि तुझी लेक सहाव्या वर्षात शाळेत जाते. बरोबर आहे तिचं. लेक आधाराशिवाय बसते, तासन्‌तास बोलते, हात तोंडापर्यंत परत जायला लागला. वाचलेले न्यूरॉन नवीन फांद्या काढतात आणि अनाथ झालेले स्नायूचे धागे आपल्याकडे घेतात, म्हणून थोडं परत येतं. पण रात्री श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन लागतं, पाठ वाकते म्हणून ब्रेस, व्हीलचेअर. मी तिला सांगते की जगली म्हणजे प्रश्न संपला असं नाही. मग ती विचारते, संपला नाही तर तू कुणावर चिडतेस? ते मला सांगता येत नाही.

एक मात्र सांगता येतं. लक्षणं दिसायच्या आधी, जन्मल्यावर सहा आठवड्यांच्या आत हेच इंजेक्शन दिलेल्या मुलांचा एक अभ्यास झाला. त्यात लेकीसारख्या एसएमएन 2 च्या दोन प्रतींची 14 बाळं होती, चौदाही बाळं आधाराशिवाय बसली, एकालाही व्हेंटिलेटर लागला नाही, त्यातली बरीचशी पुढे चाललीसुद्धा. जीन तोच, औषध तेच. फक्त त्यांचे न्यूरॉन अजून शाबूत होते.

म्हणून "16 कोटी" ऐकलं की मला त्रास होतो. याच आजारावरचं तोंडाने घ्यायचं दुसरं औषध, रिसडिप्लाम, 2021 च्या जुलैत भारतात आलं तेव्हा एक बाटली सहा लाखांच्या आसपास होती. ते एसएमएन 2 लाच तो सातवा तुकडा गाळू देत नाही. कोर्टातल्या लढाईनंतर 2025 च्या ऑक्टोबरात नॅटको या औषध कंपनीने तेच औषध 15,900 रुपयांना आणलं. बाटलीत 60 मिलिग्रॅम. पाच किलोच्या, दोन महिन्यांवरच्या बाळाला किलोमागे 0.2, म्हणजे दिवसाला 1 मिलिग्रॅम, म्हणजे एक बाटली 60 दिवस. हे रोज, जन्मभर घ्यायचं असतं आणि वजनाबरोबर खर्च वाढतो, 15 किलोच्या मुलाला महिन्याला जवळपास दोन बाटल्या, हे मी लपवत नाही. पण पहिल्या महिन्यांत, जिथे सगळं ठरतं, तिथे आता अडचण औषधाच्या किमतीपेक्षा ही आहे की बाळाला आजार आहे हे कुणालाच माहीत नसतं. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे कळतं, अमेरिकेत सगळ्या राज्यांत ती तपासणी होते, आपल्याकडे सगळ्या बाळांची होत नाही.

आणि आमच्याच घरात बघा. माझ्या जाऊबाईंना पाचवा महिना आहे. ह्यांच्याकडे बिघडलेली प्रत आहे म्हणजे ती सासू-सासऱ्यांपैकी कुणाकडून तरी आली, म्हणजे दीरही वाहक असण्याची शक्यता निम्मी. एक रक्ताची टेस्ट आहे, काही हजारांची. दिरांची नॉर्मल आली तर काळजी जवळपास मिटली. वाहक निघाले तर जाऊबाईंची करायची, दोघंही निघाले तर गर्भजलाची तपासणी, आणि त्यांना तीही नको असेल तरी निदान बाळ जन्मल्याबरोबर रक्त तपासून लगेच औषध सुरू करता येईल. दीर म्हणतात, "वहिनी, प्रत्येक वेळी असं थोडंच होतं." सासूबाई, त्या दिवशी ओट्याशी उभ्या राहिलेल्या सासूबाई, म्हणतात चांगल्या दिवसांत तो विषय नको. जाऊबाई काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी मला हळूच विचारलं की रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं का. नाही, कधीही देता येतं. शनिवारी घेऊन जाते म्हटलंय, दीर येतील की नाही माहीत नाही, पण त्यांचीच आधी झाली तर बरं.