एकाच वहीचे वेगवेगळे आलेख

"मॅडम, आकडे तेच, नोंदी तेवढ्याच. मग तुमच्या आलेखात दोन उंचवटे आणि माझ्यात नुसता उतार, असं कसं? आणि वर्गाची रुंदी नक्की किती घ्यायची?"

बहुतेक वेळा तुमचाही आलेख चुकलेला नसतो. आयतालेख म्हणजे हिस्टोग्राम काढताना आपण प्रत्येक आकडा कुठल्या तरी वर्गात टाकतो आणि त्या क्षणी तो आकडा आत नेमका कुठे होता हे विसरून जातो. ३ ते ५ असा वर्ग केला, की ३.३ आणि ४.४ आलेखाच्या लेखी एकच झाले. म्हणजे रुंदी ठरवणं म्हणजे काय विसरायचं ते ठरवणं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण खरं कळलं ते आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर.

गाव वाळवा तालुक्यातलं. मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते, सुट्टीत गावी जाते. एका दिवाळीत केंद्राच्या सचिवांनी सकाळच्या पाळीची वही पुढे केली आणि म्हणाले, "ताई, फॅटचं काहीतरी चित्र काढून दे, मीटिंगला भिंतीवर लावतो." वहीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, एवढेच रकाने होते, गाय की म्हैस हे लिहिलेलं नव्हतं. मी फॅटचा आलेख काढला, तीनपासून सुरू करून दोन-दोनच्या वर्गांचा. सुंदर उतरती पायरी आली. सचिवांनी बराच वेळ पाहिलं आणि मधल्या स्तंभावर बोट ठेवून विचारलं, "हे पाच-साडेपाच फॅटचं दूध कुणाचं? आमच्याकडं असलं दूध येतच नाही."

ते बरोबर होते. ती वही केंद्राची आहे, म्हणून तिच्यातले आकडे इथे देत नाही. त्याच धाटणीचे ४० आकडे मी वर्गासाठी बनवून ठेवले आहेत, तेच घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर सोबत मोजा.

खालच्या बाजूला २४ नोंदी आहेत: ३.३ आणि ३.४ एकेकदा, ३.५ दोनदा, ३.६ आणि ३.७ तीन-तीनदा, ३.८ चार वेळा, ३.९ आणि ४.० तीन-तीनदा, ४.१ दोनदा, ४.२ आणि ४.४ एकेकदा. हे गाईचं दूध. वर १६ नोंदी आहेत: ५.९ आणि ६.२ एकेकदा, ६.४ पासून ६.८ पर्यंत प्रत्येक आकडा दोनदा, ७.० दोनदा, मग ७.३ आणि ७.६ एकेकदा. यातली बहुतेक म्हशीची. मध्ये, ४.४ ते ५.९ च्या दरम्यान, एकही नोंद नाही. आणि सगळ्यांची सरासरी काढली तर ती साधारण ४.९६ येते, म्हणजे बरोबर त्या रिकाम्या जागेत. एवढी फॅट यादीतल्या एकाही दुधाला लागलेली नाही.

आता माझी चूक पुन्हा करून बघू. रुंदी २, सुरुवात ३ पासून. ३ ते ५ मध्ये २४ नोंदी, ५ ते ७ मध्ये १२, ७ ते ९ मध्ये ४. चोवीस, बारा, चार. बघणारा म्हणेल, कमी फॅटचं दूध जास्त, आणि फॅट वाढेल तसं दूध कमी होत जातं. रुंदी तीच ठेवून सुरुवात फक्त २ पासून करा. २ ते ४ मध्ये १७, ४ ते ६ मध्ये ८, ६ ते ८ मध्ये १५. मध्ये खड्डा, दोन्हीकडे उंचवटा. एकही आकडा बदललेला नाही, रुंदीही नाही, फक्त कडा एकने सरकल्या. वर्गात मुलांनी स्वतः मोजल्याशिवाय यावर विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही, आणि तो ठेवूही नये.

पहिल्या चित्रात काय झालं ते नीट बघा. ५ ते ७ या वर्गात म्हशीच्या दुधाचा मोठा भाग आणि ती मधली रिकामी जागा एकत्र आली. रिकाम्या जागेला स्वतःचा वर्गच मिळाला नाही, म्हणून ती दिसली नाही. इथली मोकळी जागा दीड फॅटची, आणि माझा वर्ग दोनचा. वर्ग मोकळ्या जागेपेक्षा रुंद असला, की ती दिसणं न दिसणं कडा कुठे पडतात यावर राहतं.

रुंदी १ केली की नशिबाचा भाग बराच कमी होतो. तीनपासून मोजलं तर १७, ७, १, ११, ४. रुंदी ०.५ केली की २, १५, ७, मग दोन रिकामे वर्ग, मग १, ३, ८, ३, १. आता दोन ढिगारे स्पष्ट वेगळे, प्रत्येकाचा आपला उंचवटा. सचिवांना मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या वहीचं असंच चित्र दिलं.

इथे तुमच्या-माझ्या आलेखात फरक पडण्याचं आणखी एक कारण लपलेलं असतं. शाळेत आपण शिकलो, की ४.० ही नोंद ३-४ मध्ये नाही, ४-५ मध्ये धरायची. पायथॉनमधलं NumPy जवळपास तसंच करतं. एक्सेलचा हिस्टोग्राम मात्र वरची मर्यादा त्याच वर्गात धरतो. एकच्या रुंदीला तीनपासून एक्सेलच्या रीतीने मोजलं, तर १७, ७, १, ११, ४ च्या जागी २०, ४, १, १३, २ येतं. आकार फारसा बदलला नाही, पण दोघांचे आकडे जुळेनात की भांडण सुरू होतं.

मग अरुंद केलं की जास्त खरं दिसतं का? नाही, आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चाळीसच आकडे आहेत म्हणून एक मुलगा रुंदी ०.२५ घेऊन आला, "मॅडम, ०.५ चा निम्मा." त्याच्या चित्रात म्हशीच्या ढिगाऱ्यात ६.५ ते ६.७५ वर एक सुळका होता: शेजारी २, मध्ये ६, पुन्हा २. तो म्हणाला, साडेसहाच्या आसपास काहीतरी खास आहे. आता वरची यादी पुन्हा वाचा. ६.४, ६.५, ६.६, ६.७, ६.८, सगळे दोन-दोनदा. तिथे सपाट माळ आहे, सुळका नाही.

सुळका आला कुठून? मशीन फॅट दाखवतं ते ०.१ च्या टप्प्याने. ६.५ ते ६.७५ या वर्गात ६.५, ६.६, ६.७ असे तीन आकडे मावतात. ६.७५ ते ७ मध्ये ६.८ आणि ६.९ असे दोनच. पुढच्यात पुन्हा तीन, मग पुन्हा दोन. वर्ग कागदावर सारखे रुंद, पण एकाच्या वाट्याला तीन घरं आणि शेजाऱ्याच्या वाट्याला दोन. गाईच्या बाजूलाही तसंच झालं: सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा ३.८, पण सगळ्यात उंच स्तंभ ३.५ ते ३.७५ चा, ८ नोंदींचा, ३.८ ज्यात आहे त्या स्तंभात ७. नोंदी हजारो असल्या तर हे कंगव्याच्या दातांसारखं दिसतं, एक उंच एक बुटका, एक उंच एक बुटका. असे दात दिसले की आधी मोजमापाचा टप्पा तपासायचा.

उपाय आपल्या दहावीच्या पुस्तकातलाच आहे. तिथे १०-१४, १५-१९ असे खंडित वर्ग सलग करताना आपण अर्धा मागे जातो, ९.५-१४.५ करतो. इथे टप्पा ०.१ चा, म्हणून अर्धा म्हणजे ०.०५. रुंदी टप्प्याच्या पूर्ण पटीत घ्यायची, ०.३ किंवा ०.५, आणि कडा २.९५, ३.४५, ३.९५ अशा ठेवायच्या. मग ०.५ च्या प्रत्येक वर्गात बरोबर पाच आकडे मावतात आणि एकही नोंद कडेवर पडत नाही, त्यामुळे एक्सेल आणि NumPy यांचा वादही मिटतो. पायथॉनमध्ये एवढंच:

```python
plt.hist(fat, bins=np.arange(2.95, 8, 0.5))
```

रुंदी ०.१ वरच आणली तर घरांचा घोळ राहत नाही, पण मग दुसरीच अडचण येते. ६.८ दोनदा, ६.९ एकदाही नाही, ७.० दोनदा. ही खाच खरी का? स्तंभात चार नोंदी असतील तर दुसऱ्या सकाळी त्या सहज दोन किंवा सहा होऊ शकतात. अशी हालचाल साधारण मोजणीच्या वर्गमुळाएवढी धरतात. दोन नोंदींच्या स्तंभातली चढ-उतार ही त्या सकाळची गोष्ट झाली, म्हशींची नाही.

सूत्रं आहेत, आणि ती वापरावीत, पण ती कुठे फसतात ते माहीत असू द्या. स्टर्जेसचं १९२६ चं सूत्र फक्त नोंदींची संख्या बघतं: ४० नोंदींना ७ वर्ग, म्हणजे आपल्या आकड्यांना साधारण ०.६ रुंदी. चालण्यासारखी. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचं १९८१ चं सूत्र पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकातलं अंतर घेतं, म्हणजे मधल्या निम्म्या नोंदी जेवढ्या जागेत पसरतात तेवढं, त्याची दुप्पट करतं आणि नोंदींच्या घनमुळाने भागतं. आपल्याकडे ते अंतर २.७५ च्या आसपास, ४० चं घनमूळ ३.४२, उत्तर साधारण १.६. एरवी हे सूत्र चांगलं, पण इथे पहिलं चतुर्थक गाईच्या ढिगाऱ्यात आणि तिसरं म्हशीच्या, म्हणून मधली दरीच "पसारा" म्हणून मोजली गेली आणि रुंदी फुगली. जिथे दोन ढिगारे असण्याची शंका असते, नेमकं तिथेच ते जास्त रुंद सांगतं. त्यातली घनमुळाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पसारा तसाच राहिला, तर रुंदी निम्मी करायला नोंदी आठपट लागतात. चाळीसच्या जागी तीनशेवीस.

म्हणून मी एक रुंदी सांगत नाही. तीन रुंद्या काढा, प्रत्येकीच्या कडा दोनदा सरकवा, सहा चित्रं शेजारी ठेवा. आपल्या आकड्यांत दोन ढिगारे १, ०.६, ०.५ सगळीकडे टिकतात, कडा कुठेही न्या. साडेसहाचा सुळका कडा सरकवताच विरघळतो. छापताना त्यातलं एक निवडा आणि खाली रुंदी आणि सुरुवात लिहा, म्हणजे दुसऱ्याला तोच आलेख काढून बघता येईल.

एक नोंद अजून राहिली, ती ५.९ ची. सचिवांच्या वहीतही अशी एक एकटी होती, दोन ढिगाऱ्यांच्या मध्ये. दोनच्या रुंदीला ती कुठेतरी मिसळून जायची, अर्ध्याच्या रुंदीला एकटीच उभी राहायची. ही गाय की म्हैस, हे मला कुठल्याच रुंदीत सांगता येईना. मी सचिवांना विचारलं. त्यांनी वही जवळ ओढली, सभासद क्रमांक बघितला आणि म्हणाले, "यांच्याकडं एक म्हैस आणि एक गाय. आणि किटली एकच."