दहा मिलिमीटरच्या पायऱ्या

तपासणीचं प्रमाणपत्र स्वच्छ होतं, तरी टूलरूममधल्या त्या मापनयंत्रावर एकाच पिनचं अंतर दोन ठिकाणी दोन-अडीच मायक्रॉनने वेगळं येत होतं. तिथल्या साहेबांनी काचपट्टी बदलायचं ठरवूनच मला बोलावलं होतं.

यंत्राच्या काचपट्टीवर दर 20 मायक्रॉनला एक रेघ. तिच्यावरून फिरणाऱ्या हेडमध्ये तशाच रेघांची छोटी काच असते, मुद्दाम किंचित तिरकी बसवलेली. दोन्ही जाळ्या एकमेकींवर आल्या की काळे-उजळ रुंद पट्टे उमटतात, तेच मॉयरे पट्टे. त्यांच्यातलं अंतर म्हणजे रेघांचं अंतर भागिले कोन. कोन 0.002 रेडियन असेल, तर 20 मायक्रॉनचे 10 मिलिमीटर होतात. काच एक रेघ सरकली की पट्टाही एक घर सरकतो. ही पाचशेपट वाढ कुठल्याही भिंगाविना मिळते, म्हणून मला हे काम आवडतं. पट्ट्याच्या पाव अंतरावर, म्हणजे 2.5 मिलिमीटरवर, दोन फोटोसेल बसवलेले असतात. त्यांच्या संकेतांतून सरकण्याची दिशा कळते आणि रेघेच्या आतलं मापही निघतं.

काचेला हात लावण्याआधी मी दोन्ही संकेत स्कोपवर एक्स-वाय लावून पाहिले. वर्तुळ दिसायला हवं होतं, दिसली तिरकी लंबवर्तुळं. मग इलेक्ट्रॉनिक प्रोब लावून टेबल अगदी हळू सरकवलं. चूक वाढे, उतरे आणि बरोबर दर 10 मायक्रॉनला, म्हणजे एका रेघेत दोनदा, पुन्हा पहिल्यासारखी होई. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची चूक असती तर ती स्क्रूच्या पिचप्रमाणे फिरली असती.

हेड सोडवलं. ब्रॅकेटच्या एका स्क्रूखाली धातूचा कण सापडला. 40 मिलिमीटर अंतरावरच्या दोन स्क्रूंमध्ये 0.04 मिलिमीटरचा उचल, म्हणजे कोनात 0.001 रेडियनची भर. पट्टे 10 ऐवजी 6.7 मिलिमीटरवर आले, आणि 2.5 मिलिमीटरवरचे सेल 90 अंशांऐवजी 135 अंशांनी वेगळे पडले. रेघांची मोजणी बिनचूकच राहिली. चुकत होतं ते रेघेच्या आतलं माप, साधारण पावणेतीन मायक्रॉनपर्यंत. जागा पुसून हेड परत बसवलं, स्कोपवर वर्तुळ आलं.

पण प्रमाणपत्र स्वच्छ कसं, हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. तपासणी स्लिप गेजने, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांनी, दर 10 मिलिमीटरला झाली होती. 10 मिलिमीटर म्हणजे नेमक्या 500 रेघा, त्यामुळे प्रत्येक वाचन पट्ट्याच्या त्याच बिंदूवर पडलं आणि ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. तपासणाऱ्याने पद्धत पाळली; पद्धतच आंधळी आहे. मध्ये 1.003 आणि 1.005 मिलिमीटरचे गेज घेतले असते, तर वाचन रेघेच्या आतल्या वेगवेगळ्या बिंदूंवर पडून चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. अहवालात मी हेच लिहिलं. साहेबांनी वाचलं, पटलंही. पण प्रयोगशाळेच्या छापील फॉर्मवर रकाने दहाच्या पटींचेच आहेत, आणि तो बदलायचा अधिकार त्यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.