नोंद २३ : सव्वा आणि पावणे

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की पुढचा नमुना सरासरी विचलनाचा हवा. तो आपणहून चालत आला. वर्गातल्या मैत्रिणीने सोडवलेल्या गणिताचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "पुस्तकात १०.९१ आहे, माझं ११.०६ येतंय. गुणाकार तीनदा तपासले. तू बघ, मी जेवायला जाते."

सोडवलेल्या गणितातली चूक हुडकून काढण्याच्या आपल्या छंदाच्या दृष्टीने हा फोटो उत्तम होता. रीत बरोबर, अक्षर नीट, पायऱ्या सगळ्या लिहिलेल्या, आणि तरी उत्तर थोडंसं हललेलं. रीतच चुकलेली असली की मजा येत नाही, ती पहिल्या ओळीतच दिसते.

फोटो तिरका होता आणि उजव्या कडेवर अंगठ्याची सावली होती, त्यामुळे आधी तक्ता माझ्या वहीत उतरवून घेतला. पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा ९३ आहे की १३, ते कळेना. पण ४ गुणिले २३.२५ म्हणजे ९३, तेव्हा तो नऊच. अंधूक आकडा डोळे बारीक करून वाचण्यापेक्षा त्याच ओळीतल्या हिशोबावरून ठरवावा, हे मी नोंद ९ मध्ये हात पोळून शिकलो आहे. तरी अशा ओळीसमोर पेन्सिलीने खूण करून ठेवतो. आपण हिशोबाने भरलेला आकडा तिने खरंच तसा लिहिलाय याचा तो पुरावा नसतो.

तिच्या कागदावरचा तक्ता असा. वर्ग ०–१० पासून ५०–६० पर्यंत, एकूण वारंवारता ४०, आणि विचारलंय मध्याभोवतीचं सरासरी विचलन.

| वर्गमध्य | वारंवारता | मध्यापासून विचलन | गुणाकार |
|---|---|---|---|
| ५ | ४ | २३.२५ | ९३ |
| १५ | ७ | १३.२५ | ९२.७५ |
| २५ | १० | ३.२५ | ३२.५ |
| ३५ | १२ | ७.२५ | ८७ |
| ४५ | ५ | १६.७५ | ८३.७५ |
| ५५ | २ | २६.७५ | ५३.५ |

बेरीज ४४२.५, भागिले ४०, उत्तर ११.०६. पुढे वाचण्याआधी ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी इथे थांबा.

मी सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली, तेही लिहून टाकतो. मला वाटलं मध्यच चुकला असणार, कारण तिने तो गृहीत मध्य ३५ धरून काढला होता आणि त्या रीतीत ऋण चिन्हं घसरायला भरपूर वाव असतो. वीस मिनिटं तिथे घालवली. तिची बेरीज वजा २७, त्याला ४० ने भागून १० ने गुणलं की वजा ६.७५, म्हणजे मध्य २८.२५. मग सरळ रीतीने पाहिलं: वर्गमध्य गुणिले वारंवारता, सगळ्यांची बेरीज ११३०, भागिले ४०, परत २८.२५. मध्य निर्दोष.

ही वीस मिनिटं वाचली असती. मध्य चुकून थोडा जास्त घेतला असं समजा. त्याच्या खालच्या तीन वर्गांत ४, ७ आणि १० मिळून २१ निरीक्षणं आहेत, त्या सगळ्यांचं अंतर तेवढ्याने वाढेल. वरच्या तीन वर्गांत १९ आहेत, त्यांचं तेवढ्यानेच कमी होईल. एकोणीस एकोणिसाशी कटले, उरले दोन. म्हणजे मध्य अख्ख्या १ ने चुकला तरी बेरीज फक्त २ ने हलते आणि उत्तर ०.०५ ने. इथे उत्तर ०.१५ ने हललंय, म्हणजे बेरीज ६ ने. निव्वळ मध्यामुळे एवढं व्हायला तो पूर्ण ३ ने चुकायला हवा, २८.२५ च्या जागी ३१.२५. एवढी मोठी चूक कागदावर डोळ्यांत भरली असती. मध्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच वारंवारता असली की मध्यातली चूक उत्तरात विरघळून जाते. उलट अर्थही ध्यानात ठेवा: अशा गणितात उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून मध्य बरोबर असेलच असं नाही.

आता मुख्य तपासणी, तराजूची. मध्याच्या खालच्या विचलनांची वारंवारतेसह बेरीज आणि वरच्यांची बेरीज सारखीच यायला हवी, मध्याची व्याख्याच तशी आहे. तिच्या कागदावर खालची बाजू ९३ अधिक ९२.७५ अधिक ३२.५, म्हणजे २१८.२५. वरची बाजू ८७ अधिक ८३.७५ अधिक ५३.५, म्हणजे २२४.२५. वरचं पारडं बरोब्बर ६ ने जड. आणि तिची बेरीजही तेवढ्यानेच जास्त असायला हवी हे आधी निघालं होतं. दोन वेगळ्या वाटांनी तोच ६ समोर आला, तेव्हा चूक मध्याच्या वरच्या तीन वर्गांत आहे आणि बहुधा एकटीच आहे, हे धरून चाललो.

हा ६ कुठून येऊ शकतो? गुणाकार तिने तीनदा तपासलेत, मीही एकदा पाहिले, बरोबर आहेत. मग चूक विचलनात, आणि तिला त्या ओळीच्या वारंवारतेने गुणून ६ यायला हवेत. वारंवारता २ असलेल्या ओळीत विचलन ३ ने चुकावं लागेल, ५ असलेल्या ओळीत १.२ ने, १२ असलेल्या ओळीत ०.५ ने. माणूस वजाबाकीत ०.५ ने चुकतो. १.२ ने चुकायला खास प्रयत्न करावे लागतात.

चौथी ओळ: ३५ वजा २८.२५. कागदावर ७.२५, हवेत ६.७५.

सापडल्यावर तो रकाना मी मोठ्याने वाचला आणि चूक कशी झाली तेही ऐकू आलं. सव्वातेवीस, सव्वातेरा, सव्वातीन, सव्वासात, पावणेसतरा, पावणेसत्तावीस. मध्य सव्वाअठ्ठावीस आहे आणि वर्गमध्य सगळे पूर्णांक, म्हणून मध्याच्या खालची सगळी विचलनं सव्वाची आणि वरची सगळी पावणेची असायला हवीत. सव्वाकडून पावणेकडे वळण तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये आहे. ती एक ओळ उशिरा वळली. तीन वेळा .२५ लिहून हाताला सवय झाली, ३५ मधून २८ गेले ७, आणि शेपटीला पुन्हा .२५ चिकटलं. समासात १२ गुणिले ७.२५ चं कच्चं काम अगदी स्वच्छ होतं, ८४ अधिक ३, बरोबर ८७. चुकीच्या आकड्याचा गुणाकार बरोबर केला होता, म्हणून तीनदा तपासूनही काही हाती लागलं नाही.

यातून एक झटपट पाहणी मिळाली, आता ती सर्वांत आधी करणार. वर्गांतर समान असेल तर विचलनांचा रकाना शिडीसारखा उतरतो आणि चढतो, प्रत्येक पायरी १० ची. २३.२५, १३.२५, ३.२५ ठीक. वरच्या बाजूला ७.२५ वरून १६.७५, म्हणजे पायरी ९.५ ची, तिथेच बोट ठेवायचं. आणि मध्याला दोन्हीकडून चिकटलेल्या दोन विचलनांची बेरीज बरोबर एक वर्गांतर यायला हवी. इथे ३.२५ अधिक ७.२५ म्हणजे १०.५. ना भागाकार, ना गुणाकार. नीट पाहिलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तराजूच्या मर्यादाही लिहून ठेवतो. मूळ प्रश्नातून वारंवारता उतरवतानाच चूक झाली आणि मध्यही त्याच चुकीच्या आकड्यांवरून काढला, तर दोन्ही पारडी सुखाने समान दिसतील. वर्गमध्य चुकला तरी तेच. म्हणून पहिले दोन रकाने प्रश्नाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही, आणि तिने प्रश्नाचाही फोटो पाठवला होता हे माझं नशीब.

मध्यकाभोवती विचलन विचारलं असेल तर पारडी समान होत नाहीत, तिथे ही तपासणी लावू नका. यावरून मी थोडा वेळ भलताच घोटाळ्यात पडलो होतो. निरपेक्ष विचलनांची बेरीज मध्यकापाशी सर्वांत लहान असते, हे आपल्याला पाठ. म्हटलं, तेही ताडून पाहू. मध्यक २०–३० या वर्गात येतो, सूत्राने २९. त्याभोवतीची बेरीज ४३८, सरासरी विचलन १०.९५. म्हणजे मध्याभोवतीच्या १०.९१ पेक्षा जास्त! आता पुस्तकच चुकलं की काय, म्हणून पुन्हा सगळं मांडलं. चूक कुठेच नव्हती. विचलनं मोजताना आपण प्रत्येक वर्गातल्या सगळ्यांना वर्गमध्यावर उभं करतो. तसं केल्यावर विसावा आणि एकविसावा दोघेही २५ वर उभे असतात, म्हणून त्या मांडणीचा खरा मध्यक २५, आणि तिथे बेरीज ४३०, उत्तर १०.७५. सूत्राचा २९ मात्र वर्गात निरीक्षणं सारखी पसरली आहेत असं धरून येतो. दोन वेगळी गृहीतकं एकाच गणितात शेजारी नांदत असतात. वर्गीकृत सामग्रीत "मध्यकाभोवतीचं विचलन कमीच यायला हवं" हा नियम चूक शोधायला वापरू नये, असं मी वहीत लाल शाईने लिहिलंय.

मैत्रिणीला उत्तर सांगितलं नाही. लिहिलं, "तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतल्या विचलनांची बेरीज कर."

"साडेदहा. मग?"

"वर्गांतर किती?"

बराच वेळ काही नाही. मग, "अर्रर्र. पावणेसात!" आणि पाच मिनिटांनी दुरुस्त कागदाचा फोटो: ८१, ४३६.५, १०.९१. या वेळी अंगठा डाव्या कोपऱ्यावर.

तिच्या वहीतलं पुढचं गणितही आलंय, त्यातही उत्तर जुळत नाही. वर्ग ०–१०, १०–३०, ३०–६०, म्हणजे शिडी चालणार नाही. तराजू काढून बसलोय, वरचं पारडं ७ ने हलकं दिसतंय.