चौसष्ट दिवस मागितले, अठ्ठावीस मिळाले

पिंप्राळ्याच्या पुढे, जिथे चार वर्षांपूर्वी कपाशी उभी असायची तिथे आता प्लॉट पडलेत. तिथल्याच एका चार मजली बिल्डिंगचं आरसीसी आणि वीटकाम माझ्याकडे होतं. जळगावात नेहमी चालतं तसंच ठरलेलं: सिमेंट आणि लोखंड बिल्डरचं, वाळू, खडी, विटा, सेंटरिंग आणि मजूर माझे. काम ३० नोव्हेंबरला संपवायचं, नाही तर दिवसाला ५,००० रुपये दंड. करारात मुदतवाढीचं कलमही होतं. असामान्य पाऊस झाला किंवा बिल्डरच्या मालाला उशीर झाला तर वाढ मिळेल, पण कारण घडल्यापासून १४ दिवसांत लेखी कळवायचं. सही करताना हे कलम मी वाचलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल.

ऑगस्टच्या शेवटी पहिलं पत्र मी स्वतःच लिहिलं. 'सततच्या पावसामुळे व सिमेंट वेळेवर न मिळाल्यामुळे काम रखडले, तरी योग्य ती मुदतवाढ मिळावी.' सप्टेंबर संपल्यावर त्याला आकडा जोडला. तीन महिन्यांत डायरीत 'पाऊस' लिहिलेले ४१ दिवस आणि सिमेंटचे २३, एकूण ६४. शेठनी कागद न वाचताच त्यांच्या इंजिनिअर साहेबांकडे सरकवला. साहेब म्हणाले, "अप्पा, पाऊस पडला हे मलाही माहितीये, मीही जळगावातच राहतो. त्या दिवशी तुमचं कोणतं काम थांबलं ते सांगा."

राग आला, पण घरी येऊन डायरी उघडली तेव्हा कळलं की माणूस बरोबर बोलतोय. ४१ पैकी १४ दिवशी पाऊस रात्री पडला होता, नाहीतर खालच्या मजल्यावर छताखाली वीटकाम चालू होतं. हजेरी पूर्ण आणि मजुरीही दिलेली. हे दिवस गेलेच नव्हते. म्हणजे खरे बंद दिवस २७.

उलट दुसरे ६ दिवस मी मोजलेच नव्हते. आपल्याकडची काळी माती ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पाऊस थांबून ऊन पडतं, आभाळ निळंशार, आणि तरी वाळूचा ट्रॅक्टर गेटपासून दोनशे फुटांवर एक्सलपर्यंत रुतलेला. लेआउटचा रस्ता मुरूम टाकून पक्का केलेला नव्हता आणि तो करणं शेठकडे होतं. पावसाच्या तक्त्यात त्या तारखेला शून्य दिसतं, पण साइटवर माल पोचत नाही. हे ६ धरून ३३ झाले.

यातूनही १२ वजा करावे लागले. कामाचा बारचार्ट देताना जुलै ते सप्टेंबरमध्ये १२ दिवस पावसात जातील असं मीच धरलं होतं. पावसाळ्यात पाऊस पडणार, हे दर ठरवतानाच हिशोबात असतं. त्याच्या वर जे गेले तेच 'असामान्य'. राहिले २१.

आता पुरावा. कृषी विभागाच्या maharain.maharashtra.gov.in या साइटवर महसूल मंडळानुसार रोजचा पाऊस मिळतो. आमच्या मंडळाचा तीन महिन्यांचा तक्ता काढून डायरीला जोडला आणि खुशीत साहेबांकडे गेलो. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं १७ जुलैवर. डायरीत लिहिलेलं, 'दुपारी २ नंतर धो धो पाऊस, सेंटरिंग बंद, मजूर परत.' तक्त्यात १७ जुलै: शून्य. १८ जुलै: ४६ मिलिमीटर. आणि १८ ला तर आम्ही पूर्ण दिवस काम केलेलं. साहेब नुसते हसले.

त्या हसण्याने दोन रात्री झोप नाही. माझी डायरी खोटी नव्हती, सेंटरिंगवाला पोरगा माझ्यासमोर भिजत उतरला होता. शेवटी गावाकडच्या एका शेतकरी भाच्याने सांगितलं. पीकविम्याच्या भानगडीत त्याला हे तोंडपाठ झालेलं. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आदल्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर चढतो. म्हणजे १७ च्या दुपारचा पाऊस १८ तारखेला दिसणारच. मी सगळ्या तक्त्याला एक रकाना वाढवला, 'प्रत्यक्ष पाऊस पडला तो दिवस', आणि तारखा डायरीशी पुन्हा लावल्या. दोन सोडून सगळ्या जुळल्या. त्या दोन दिवशी आमच्या साइटवर सर होती आणि पर्जन्यमापकावर नव्हती. तिथे बिल्डरच्याच सुपरवायझरची डायरीवरची सही कामी आली.

ही सही रोज घ्यायची सवय मला वडिलांनी लावलेली. नाहीतर १४ दिवसांच्या कलमात मी तिथेच मेलो असतो, कारण जुलैतल्या पावसाचं पत्र मी ऑगस्टच्या अखेरीस दिलं होतं. मुदत उलटून गेली, असं साहेबांनी म्हटलंच. पण दर सोमवारी साइटवर मीटिंग व्हायची, तिच्या रजिस्टरमध्ये 'पावसामुळे काम बंद' अशी नोंद दर आठवड्याला होती आणि खाली त्यांच्याच माणसाची सही. लेखीही आणि वेळेतही. त्यावर ते पुढे बोलले नाहीत.

सिमेंटचं प्रकरण वेगळं. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला ३५० गोणी लागणार होत्या, म्हणजे साधारण एक भरलेला ट्रक. मागणीपत्र ४ ऑगस्टला दिलं, माल ११ ला हवा. १० तारखेला लोखंड बांधून झालं, कव्हर ब्लॉक लागले, लाइटवाल्याने पाइप टाकले. रोज सकाळी मिस्त्रीला फोन करायचा आणि तो तिकडून अहिराणीत, "गाडी उनी नई भाऊ." रेक लागली नाही, डीलरकडे माल नाही, उद्या नक्की. गाडी आली २९ ला. तोवर प्लेटांवरचं ऑइल पावसाने धुऊन गेलं होतं, लोखंडावर तांबूस गंज चढला होता आणि बीमच्या तळाशी चिखल साचलेला. एक दिवस नुसता तारेचा ब्रश मारण्यात आणि बीम धुण्यात गेला.

साहेबांचा प्रश्न होता की मी बाजारातून सिमेंट घेऊन स्लॅब का टाकला नाही. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडून नुकसान कमी करायचा प्रयत्न झाला का, हे समोरचा विचारणारच. माझ्याकडे १४ ऑगस्टचा मेसेज होता: 'दुसऱ्या कंपनीचं सिमेंट इथे मिळतंय, घेऊ का? दराचा फरक तुमच्याकडे.' करारात कंपनी आणि ग्रेड ठरलेले, त्यामुळे मला परस्पर बदलता येत नव्हतं. सहा दिवस उत्तर नाही. सातव्या दिवशी 'थांबा' एवढंच आलं. या एका शब्दाने सिमेंटचा सगळा वाद मिटवला.

सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. माल १९ ला हवा होता, आला २४ ला. १८ आणि ५ मिळून २३ दिवस. पण इथे मी स्वतःच तीन दिवस सोडले. तिसऱ्या स्लॅबचं लोखंड बांधणं आमचंच २२ ला संपलं, तेव्हा त्याआधी सिमेंट येऊन गोदामात बसलंच असतं. ज्या उशिराने पुढचं काम अडलंच नाही, तो मुदतवाढीत धरता येत नाही. साहेबांच्या हाती ती तारीख लागलीच असती, आणि मग बाकीच्या २० दिवसांवरचाही विश्वास गेला असता.

खरी गुंतागुंत ऑगस्टमधल्या ९ दिवसांची. त्या दिवशी सिमेंटही नव्हतं आणि पाऊसही एवढा होता की सिमेंट असतं तरी स्लॅब टाकता आला नसता. मी ते दोन्हीकडे मोजले होते. एक दिवस एकदाच जातो, दोनदा नाही. २१ आणि २३ मिळून ४४, त्यातून ९ गेले, ३५. लोखंडाचे ३ गेले, ३२. दुसऱ्या पत्रात मी हेच ३२ मागितले, सोबत तारीखवार तक्ता: पाऊस, त्या दिवशीचं ठरलेलं काम, हजेरी, गोदामात शिल्लक गोणी आणि पुराव्याचा पान नंबर. आकडा निम्मा झाला, पण या वेळी तो शेवटपर्यंत वाचला गेला.

शेठची अडचणही त्या बैठकीत कळली. त्यांनी महारेरावर पूर्णत्वाची तारीख देऊन ठेवलेली. रेरा कायद्याच्या कलम ६ मध्ये आटोक्याबाहेरच्या कारणाने मिळणाऱ्या वाढीत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांची नावं आणि इतर नैसर्गिक आपत्ती एवढंच आहे. जास्तीच्या पावसाचं नाव नाही. "तुला दिलेले दिवस मला ग्राहक देणार नाही," ते म्हणाले. खोटं नव्हतं. पण सिमेंट त्यांचंच होतं.

चिखलाच्या ६ दिवसांपैकी २ दिवसांचे रुतलेल्या ट्रॅक्टरचे फोटो होते, तारखेसह. बाकी ४ दिवशी मी फोटोऐवजी शिव्या दिल्या होत्या. ते ४ कापले गेले. २८ दिवस मंजूर, नवी तारीख २८ डिसेंबर, दंड नाही. तारीख लेखी मागून घेतली, तोंडी 'चालेल' वर उठलो नाही.

पैशांवर आणखी एक बैठक झाली. पावसाच्या दिवसांची मुदत मिळते, पैसे नाहीत. ज्या ९ दिवशी पाऊस आणि सिमेंट दोन्ही, तिथेही मुदतच. निव्वळ सिमेंटचे ११ दिवस उरले. त्यांची १४ मजुरांची बसून मजुरी ६०० रुपयांनी ९२,४०० होत होती, शिवाय अडकून पडलेल्या प्लेटांचं भाडं १९ हजार. साहेबांनी हजेरीपट मागितला. त्यातले ५ दिवस मी मजूर धरणगावच्या दुसऱ्या साइटवर पाठवलेले, आणि तिकडची हजेरी माझ्याच अक्षरात. मजुरी ६ दिवसांची राहिली, ५०,४००. ती शेठनी पुढच्या बिलात दिली.

प्लेटांच्या भाड्यावर ते अजून 'बघू' म्हणतात. काम २३ डिसेंबरला संपलं.