'ठीक आहे'च्या खाली

माझ्या मैत्रिणीच्या आणि माझ्या चॅटमधला शेवटचा मेसेज तिचा होता. 'ठीक आहे.' पूर्णविरामासकट. एरवी ती कधी पूर्णविराम देत नसे, त्यामुळे तो टिंब मला तीन वर्षं टोचत राहिला.

त्याच्या वर माझा भला मोठा मेसेज होता. तिने नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं होतं आणि मी एका जेवणात चारचौघांत हसत म्हणाले होते, "हिचं दर दोन वर्षांनी एक नवीन खूळ." ती गप्प झाली. दोन आठवड्यांनी मी तो मेसेज पाठवला. त्यात माफी एका ओळीची आणि खुलासा वीस ओळींचा होता. त्यावर आलं ते 'ठीक आहे.' भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

पहिल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी आमच्या जुन्या ग्रुपवर सगळ्यांच्या रांगेत 'हॅपी बर्थडे' टाकलं. संध्याकाळी तिने 'सगळ्यांना थँक्यू' लिहिलं. त्या 'सगळ्यांना'मध्ये मी होते की नव्हते यावर मी रात्रभर विचार केला. आता हसू येतं, पण ग्रुपवरच्या शुभेच्छेचं हेच होतं. शुभेच्छेला उत्तर मिळालं तरी ते आपल्याला असतंच असं नाही.

दुसऱ्या वर्षी मी उलट्या टोकाला गेले. रात्री बाराच्या ठोक्याला वैयक्तिक मेसेज: शुभेच्छा, मग 'तुझी खूप आठवण येते', मग 'त्या दिवशी मी जे बोलले त्याबद्दल', मग 'एकदा बोलूया का? कधी फोन करू?' पाठवला आणि दोन मिनिटांत घाबरून सर्वांसाठी डिलीट केला. तोवर दोन राखाडी टिका आल्या होत्या, म्हणजे तो तिच्या फोनवर पोचला होता. डिलीट केल्यावर मेसेज जातो, पण 'हा मेसेज डिलीट केला' अशी पाटी मागे राहते. वाढदिवसाच्या सकाळी तिने उठून पाहिली ती ती पाटी. शुभेच्छा देऊन परत घेतल्यासारखंच झालं. तिचं काही आलं नाही, आणि त्यात तिची चूकही नव्हती.

तिसऱ्या वर्षी वाढदिवसाच्या आठवडाभर आधीच मी लिहायला बसले. आणि पहिल्यांदाच चॅट तिच्या बाजूने उघडून पाहिलं, म्हणजे मनातल्या मनात. मी काहीही लिहिलं तरी ते त्या 'ठीक आहे.' आणि डिलीटच्या पाटीच्या खालीच उमटणार होतं. म्हणजे जुनं सगळं तिला आपसूक दिसणारच होतं. मी ते पुन्हा उकरायची गरज नव्हती. वाढदिवसाच्या दिवशी तर मुळीच नव्हती, कारण माफी मागितली की समोरच्याला काहीतरी ठरवावं लागतं. माफ केलं म्हणावं की नाही, हे तिने तिच्याच वाढदिवशी का ठरवायचं?

मग मी खोडत गेले. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' खोडलं, ते चौकातल्या फलकावर शोभतं. आमच्यातलं तिचं टोपणनाव डुलकी, कारण वर्गात ती कुठेही झोपायची. 'डुलके' असं लिहिलं आणि खोडलं. काही घडलंच नाही असं भासवण्यासारखं होतं ते. टोपणनाव वापरायचा हक्क आपण आपला परत घेऊ नये असं वाटलं. प्रश्नचिन्हं सगळी काढली. 'कशी आहेस?' हेसुद्धा. प्रश्न आला की उत्तर न देणं हा अपमान होतो, आणि मला तिच्यासाठी गप्प राहायची वाट मोकळी ठेवायची होती. शेवटी उरलं ते एवढंच:

'वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज जिन्यात एक मुलगी बॅग उशाला घेऊन गाढ झोपलेली दिसली. तुझी आठवण झाली. दिवस छान जावो.'

ती मुलगी खरंच दिसली होती, फक्त 'आज' नाही, चार दिवसांपूर्वी. तेवढं खोटं मी चालवून घेतलं.

बारा वाजता पाठवायचं नाही, हे ठरलेलं होतं. ती घाईची वेळ, आणि तिथे हजर राहणं हा जवळच्यांचा मान. दुपारी चारला पाठवला. एकच टिक. दहा मिनिटं एकच टिक. ब्लॉक केलं असेल का? पण तिचा फोटो दिसत होता. तास झाला, दोन टिका आल्या. संध्याकाळी निळ्या झाल्या. मग दीड दिवस काही नाही.

मग आलं: 'थँक्यू गं.'

मराठीत ज्याने मैत्रिणी केल्या आहेत त्याला त्या 'गं'चं वजन सांगायला नको. नुसतं 'थँक्यू' आलं असतं तर मी चॅट बंद करून ठेवलं असतं. लगेच काहीतरी लिहायला हात शिवशिवत होते, पण एक हृदय टाकून थांबले. तिने चार पावलं मागून एक पुढे टाकलं होतं. मी धावत सुटले असते तर ती परत मागे गेली असती.

पाच महिन्यांनी माझा वाढदिवस. रात्री पावणेबाराला मेसेज आला: 'उशीर झाला, पण तारीख बदलली नाही अजून.' त्यानंतरच्या रविवारी तिनेच फोन केला.

तासभर इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणाले, "त्या दिवशी मी खूळ म्हणाले ना..." ती म्हणाली, "ते? त्याचा राग आलेला, पण दोन दिवसांत गेला. तू फोन ठेवलास ना, ते नाही गेलं."

कुठला फोन?

त्या जेवणानंतर आठवड्याने तिने मला फोन केला होता म्हणे. राजीनामा देऊन झाला होता आणि ती प्रचंड घाबरली होती. परत घेता येईल का, हे तिला मला विचारायचं होतं. मी "आत्ता नको, नंतर करते" म्हणाले आणि तो 'नंतर' कधी आलाच नाही. मला अजिबात आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. कदाचित ती भांडायला फोन करतेय असं समजून मी टाळला असेन.

म्हणजे तीन वर्षं मी भलत्याच गुन्ह्याच्या माफीची तालीम करत होते. ती वीस ओळींची सफाई, तो बाराचा मेसेज, सगळं चुकीच्या वाक्याबद्दल. तिला ते वाचून काय वाटलं असेल? हिला कळलेलंच नाही, एवढंच.

मी म्हणाले, "मला आठवत नाही गं. पण तू म्हणतेस म्हणजे झालं असणार. एकटी पडलीस तू." सफाई द्यायला माझ्याकडे काही नव्हतंच, हे एका अर्थी बरं झालं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हो, पडले."

आता महिन्या-दोन महिन्यांनी बोलणं होतं. पण कामातलं काही नवीन असलं तर ती मला सांगत नाही, ते मला दुसऱ्यांकडून कळतं आणि मी विचारत नाही. यंदाच्या तिच्या वाढदिवसाला मी बराच वेळ घुटमळून 'डुलके' लिहिलं. उत्तरात तिने टोपणनावाचा उल्लेखही केला नाही. फक्त म्हणाली, 'आत्ता उठले.'