अठरा लाखांचं काम आणि अमर्याद इंडेम्निटी: माझा अनुभव

वाळूज एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीसाठी आम्ही डिस्पॅचचं सॉफ्टवेअर केलं. कोणता माल कोणत्या गाडीत भरायचा, पेट्यांवर कोणतं लेबल लावायचं, सगळं त्यातूनच. किंमत १८ लाख. भाव वाळूजमध्येच ठरला, करार मात्र त्यांच्या पुण्याच्या लीगलकडून आला. त्यात इंडेम्निटीचं, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या हमीचं, एक कलम होतं: सॉफ्टवेअरमुळे कुणाच्या बौद्धिक संपदेचा भंग झाला, किंवा झाल्याचा नुसता आरोप जरी झाला, तरी खरेदीदाराचं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सगळं नुकसान पुरवठादाराने भरून द्यायचं. मर्यादा कुठेच नाही.

इंडेम्निटी देणारच नाही, असं म्हणण्यात अर्थ नव्हता. कोड आमचा, तो कुठून आला हे त्यांना बाहेरून कळणार कसं? ही जोखीम आमच्या गळ्यात असणं रास्तच. वाद होता तो किती, याचा.

आमच्या वकीलबाईंनी बोट ठेवलं ते ‘अप्रत्यक्ष’वर. समजा, कुणी कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि सॉफ्टवेअर बंद पडलं. लेबल निघणार नाही, भरलेली गाडी गेटवर अडकणार. पुढच्या वाहन कंपनीची लाइन थांबली, तर ती आपलं नुकसान वसूल करायला आमच्या ग्राहकाला डेबिट नोट लावणार आणि तो ती या कलमाखाली आमच्याकडे सरकवणार. दावेदार पाच लाखांवर मिटवायला तयार असेल, पण डेबिट नोटेला असा आकडा कोण घालणार?

म्हणून आम्ही कलम असं बदलून मागितलं: तिसऱ्या पक्षाला कोर्टाने जे देववलं ते, आमच्या संमतीने तडजोड झाली तर ती रक्कम आणि वकिलांचा खर्च, एवढं आमच्याकडे. ग्राहकाच्या उत्पादनाचं नुकसान त्यात नाही. त्याबदल्यात वापर थांबायची वेळ आली, तर आमच्या खर्चाने परवाना मिळवू, नाहीतर वादातला भाग बदलून देऊ. दोन्ही जमलं नाही तर सॉफ्टवेअर परत घेऊन पैसे देऊ, दर वर्षाला पाचवा हिस्सा वजा करून. म्हणजे दोन वर्षं वापरून झाल्यावर १० लाख ८० हजार.

दावा आला तर केस आम्हीच चालवू, असंही आम्ही मागितलं होतं. त्यांच्या लीगलच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, “साहेब, नोटीस आमच्या नावावर येणार, आमचं नाव खराब होणार. मग केस तुम्ही का चालवणार?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण पैसे आमचे आणि तडजोड त्यांची, असं झालं तर त्यांना घासाघीस करायचं कारणच उरत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२५ प्रमाणे तडजोडीची रक्कम वसूल होते ती हमी देणाऱ्याच्या सूचनेविरुद्ध नसेल आणि शहाण्या माणसाने केली असती तशी असेल तर, किंवा हमी देणाऱ्यानेच परवानगी दिली असेल तर. ‘शहाण्या माणसाने’ यावर नंतर भांडत बसण्यापेक्षा करारातच लिहिलेलं बरं. शेवटी ठरलं असं: नोटीस आली की १० दिवसांत आम्हाला कळवायचं, बचाव आणि तडजोड आमच्या हातात, पण त्यांनी चूक कबूल केल्याचा मजकूर त्यांच्या संमतीशिवाय घालायचा नाही.

लेबलचा नमुना त्यांच्या ग्राहकाचा होता आणि बारकोडचा जुना प्रोग्रॅम त्यांचा. या दोन्हींमुळे, किंवा त्यांनी कोडमध्ये केलेल्या बदलांमुळे दावा आला तर जबाबदारी आमची नाही, हे फारशी खळखळ न होता मान्य झालं.

घोडं अडलं ते मर्यादेवर. बाकी सगळ्या जबाबदारीला १८ लाखांची मर्यादा त्यांना चालत होती, या कलमाला कसलीच नको होती. बऱ्याच ओढाताणीनंतर ३६ लाखांवर आलो. मात्र जाणूनबुजून दुसऱ्याचा कोड उचलला असेल, तर मर्यादा लागू नाही. ही अट मी न कुरकुरता मानली. ती नाकारली असती तर समोरच्याने काय समजायचं?

सही करण्याआधी वकीलबाईंनी विचारलं, “रिपोर्टचा भाग कोणी लिहिलाय?” तो नांदेडच्या एका फ्रीलान्सरकडून करून घेतला होता. कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. बाहेरच्या माणसाचं तसं नाही. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. कलम १९ प्रमाणे त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. त्याच्याशी झालेल्या ईमेलमध्ये यातलं काहीच नव्हतं. म्हणजे आम्ही ज्याची हमी देणार, त्याच भागाचा हक्क कागदावर त्याच्याकडे.

त्याला फोन केला. “दादा, पैसे तर मिळालेत की मला, मग सही कशाला?” तो म्हणाला. समजावून सांगितल्यावर तयार झाला. हस्तांतरणपत्रात कॉपीराइटची संपूर्ण मुदत आणि सगळं जग असं स्पष्ट लिहून घेतलं, आणि कोड दुसऱ्याकडून उचललेला नाही अशी त्याची हमीही घेतली. त्याची भरपाई त्याला मिळालेल्या मोबदल्याएवढीच ठेवली. ३६ लाख त्याच्याकडून निघणार नव्हतेच. त्या पत्रावर त्याची सही झाल्यावरच आम्ही पुण्याचा करार सही करून पाठवला.